आडवी मैफल, उभा पडदा

शास्त्रीय गाण्याच्या मैफलीची बैठक मुळातच आडवी असते. मधोमध गायिका, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला संवादिनी, मागे दोन तानपुरे. सगळे बसलेले, त्यामुळे जमिनीपासून मीटरभर उंचीत सारी मैफल मावते आणि रुंदीला मात्र सहा मीटर लागतात. ती टिपणारा कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला तिवईवर बसवलेला असतो आणि त्याची चौकटही आडवीच असते. अडचण नंतर येते. दोन-अडीच तासांच्या त्या चित्रणातून एखादी तान, एखादी तिहाई निवडून ती मोबाइलवर पाठवायची असते आणि मोबाइल हातात उभा धरलेला असतो.

२०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स भारतात सुरू केले. तेव्हापासून गाण्याच्या संस्था, कीर्तनकार, नाट्यमंडळी असे सगळेच आपल्या आडव्या चित्रणातून उभे तुकडे कापू लागले. कापण्यामागचा हिशेब सोपा वाटतो. आजचे कॅमेरे ४के चित्रण करतात, मोबाइलला त्याच्या चौथ्या हिश्शाएवढे पिक्सेल पुरतात, तेव्हा हवा तो भाग कापून घेतला तरी चित्र कुरकुरीत राहील. प्रत्यक्षात मात्र अशा अनेक तुकड्यांत गायिकेचा चेहरा मेण लावल्यासारखा गुळगुळीत दिसतो, साडीचे जरीकाठ विरघळतात आणि तानपुऱ्याच्या तारा दिसेनाशा होतात. हिशेब कुठे चुकतो, हे आकडे मांडले की लगेच कळते.

४के चित्राची चौकट ३८४० पिक्सेल रुंद आणि २१६० पिक्सेल उंच असते. मोबाइलसाठीच्या उभ्या चित्राचे प्रचलित माप आहे १०८० रुंद आणि १९२० उंच. आडव्या चौकटीतून उभा पट्टा कापताना उंची पूर्ण घेतली, तरी नऊला सोळा या प्रमाणात रुंदी मिळते फक्त १२१५ पिक्सेल. म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक चित्र बाजूला पडते. उरलेला पट्टा १२१५ पिक्सेलचा आणि गरज १०८० ची, तेव्हा शिल्लक राहते ती जेमतेम साडेबारा टक्के. ज्याला चारपट श्रीमंती समजले जाते, ती उभ्या चौकटीत शिरताच जवळपास संपते. तेच चित्रण साध्या एचडीत, म्हणजे १९२० बाय १०८० मध्ये केले असेल, तर उभा पट्टा सुमारे ६०७ पिक्सेलचाच निघतो आणि तो पावणेदोनपटीहून थोडा अधिक फुगवावा लागतो. ४के असल्यामुळे फुगवणे टळते, हे खरे. मात्र आणखी जवळ जायला जागा उरत नाही.

जवळ जाण्याची गरज तर मैफलीत सगळ्यात जास्त. कॅमेऱ्याने सहा मीटर रुंदीची बैठक चौकटीत घेतली आहे असे धरू. ३८४० पिक्सेल सहा मीटरवर पसरले, तर एका मीटरच्या वाट्याला ६४० पिक्सेल येतात. मांडी घालून बसलेली गायिका साधारण ९० सेंटिमीटर उंच दिसते, म्हणजे चित्रात ती ५७६ पिक्सेलची. आता एकही पिक्सेल न फुगवता कापता येणारी सर्वात लहान उभी चौकट १०८० बाय १९२० ची. तिच्यात १.७ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच एवढे दृश्य येते. त्या तीन मीटरांत गायिका ९० सेंटिमीटरची, उरलेली जागा वर पडद्याची आणि खाली रंगमंचाच्या कडेची. मोबाइलच्या पडद्यावर ती एक तृतीयांशही उंची व्यापत नाही. तिचा चेहरा १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर त्याच्या वाट्याला फक्त ९६ पिक्सेल येतात.

पाहणाऱ्याला हे पटत नाही. त्याला चेहरा हवा असतो, म्हणून संपादक चौकट निम्मी करतो, चित्र दुप्पट फुगते आणि मेणचट चेहऱ्याचा जन्म होतो. फुगवताना संगणक शेजारच्या दोन पिक्सेलांमधली सरासरी काढून मधली जागा भरतो. पापणीचा केस मुळात टिपलाच गेला नसेल, तर सरासरीतून तो उगवत नाही. मग चित्र धारदार करण्याचा स्लायडर ओढला जातो आणि गालाच्या कडेभोवती, तानपुऱ्याच्या दांडीभोवती पांढरट किनार उमटते. ती किनार दिसली की चित्र फुगवून वर घासले आहे, हे ओळखू येते.

उभ्या तुकड्याची स्पष्टता म्हणून चित्रणाआधीच ठरते. प्रश्न एवढाच असतो, की गाणाऱ्या माणसावर एका मीटरला किती पिक्सेल पडणार आहेत. कॅमेऱ्याची चौकट सहा मीटरऐवजी चार मीटरची केली, तीन कलाकार थोडे जवळ बसवले आणि तानपुरे मागे सरकवले, तर मीटरला ९६० पिक्सेल मिळतात. गायिका ५७६ वरून ८६४ पिक्सेलची होते, चेहरा १४४ पिक्सेलचा, आणि न फुगवता कापलेल्या उभ्या चौकटीची जवळपास निम्मी उंची ती भरून टाकते. कॅमेरा तोच, भिंग तेच, फक्त झूम थोडे आत. चार मीटरच्या चौकटीत आडवे चित्रणही बिघडत नाही, उलट घट्ट होते. कडेला दिसणारे ध्वनिक्षेपक आणि आयोजकांच्या फलकाचे कोपरे तेवढे बाहेर जातात.

उभ्या माणसाच्या बाबतीत हाच हिशेब पुष्कळ दयाळू ठरतो. नारदीय कीर्तनातला कीर्तनकार पागोट्यासह १.७ मीटर उंच धरला, तर सहा मीटरच्या त्याच चौकटीत तो सुमारे १०८८ पिक्सेल उंच येतो आणि उभ्या चौकटीची निम्म्याहून अधिक उंची भरतो. एकाच कॅमेऱ्याने, एकाच अंतरावरून कीर्तनाचे तुकडे चांगले येतात आणि मैफलीचे येत नाहीत, याचे कारण कॅमेऱ्यात नसून बसण्या-उभे राहण्यात असते.

पुरेसे पिक्सेल मिळाले तरी दुसरा घोटाळा राहतो तो प्रकाशाचा. पूर्ण ४के चित्र लहान करून एचडीत दाखवले, की चार पिक्सेलांचा एक होतो. त्या चारांतला दाणेदारपणा, ज्याला छायाचित्रकार नॉइज म्हणतात, तो सरासरीत निम्म्यावर येतो. ४केवरून बनवलेली एचडी फिल्म इतकी स्वच्छ दिसते, त्याचे मोठे कारण हेच. उभा पट्टा कापताना मात्र चित्र जवळजवळ लहान होतच नाही. कॅमेऱ्याने टिपलेला एक पिक्सेल मोबाइलवर एकच पिक्सेल म्हणून पोचतो, त्यामुळे दाणेही जसेच्या तसे पोचतात. आडवी फिल्म पाहताना निर्दोष वाटलेला रंगमंचामागचा काळा पडदा उभ्या तुकड्यात मुंग्यांनी भरल्यासारखा वळवळतो.

हालचालीचेही तसेच होते. सेकंदाला २५ चित्रे घेताना शटरचा वेग सहसा १/५० सेकंद ठेवतात. तान घेताना गायिकेचा हात सेकंदाला दीड मीटर वेगाने फिरला, तर १/५० सेकंदात तो तीन सेंटिमीटर सरकतो. सहा मीटरच्या चौकटीत हे १९ पिक्सेल होतात. आडव्या एचडीत ते निम्मे होऊन खपून जातात, पण उभ्या तुकड्यात पूर्ण १९ पिक्सेलचा फराटा दिसतो आणि बोटे एकमेकांत मिसळतात. तबल्यावरच्या बोटांचे तर विचारायलाच नको. शटर १/१०० केले की फराटा निम्मा होतो. भारतात विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे १/५० आणि १/१०० हे दोन्ही वेग दिव्यांच्या लुकलुकण्यापासून सहसा सुरक्षित असतात. मात्र शटर दुप्पट वेगवान केल्यावर प्रकाश निम्मा होतो. तो भरून काढायला आयएसओ १६०० वरून ३२०० वर न्यावा लागला, तर दाणे वाढतात. एकीकडे फराटा आणि दुसरीकडे दाणे, या कात्रीतून सोडवणारी गोष्ट एकच, कलाकारांच्या अंगावर अधिक प्रकाश. आयोजकांशी आधी बोलून समोरचे दोन दिवे वाढवून घेतले, तर त्याचा फायदा आडव्या चित्रापेक्षा उभ्या तुकड्याला कितीतरी जास्त होतो.

चित्रण चांगले झाल्यावरही संगणकावर ते वाया जाऊ शकते. सर्वात नेहमीची चूक म्हणजे उभे तुकडे तयार झालेल्या आडव्या एचडी फिल्ममधून कापणे. कार्यक्रमाची फिल्म एकदा एचडीत बाहेर काढली, की ४केचे पिक्सेल त्या फाइलमध्ये उरलेलेच नसतात. म्हणून कापायला घ्यावी ती कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल. दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण मूळ फाइल घेऊनही ती होते. ॲडोबी प्रीमियर प्रो या संपादनाच्या प्रणालीत मोठे चित्र लहान टाइमलाइनमध्ये बसवण्यासाठी ‘Scale to Frame Size’ नावाचा पर्याय आहे. तो निवडला, की प्रणाली चित्र आधी टाइमलाइनच्या मापाचे करून घेते. नंतर झूम केल्यास ते लहान झालेले चित्रच फुगते. १०८० रुंदीच्या उभ्या टाइमलाइनमध्ये ४के चित्र अशा रीतीने बसवले, तर त्याची उंची ६०७ पिक्सेल उरते आणि पडदा भरण्यासाठी ते तिपटीहून अधिक फुगवावे लागते. शेजारीच असलेला ‘Set to Frame Size’ हा पर्याय मात्र फक्त आकाराचा आकडा बदलतो आणि मूळ पिक्सेल हाताशी ठेवतो. दोन्हींचा पहिला परिणाम पडद्यावर सारखाच दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही.

तिसरी जागा प्रॉक्सीची. ४के फाइली जड असल्यामुळे संपादक त्यांच्या हलक्या, कमी पिक्सेलच्या प्रती करून त्यांवर काम करतात आणि शेवटी मूळ फाइली जोडतात. ती जोडणी तुटली, तर अंतिम तुकडा हलक्या प्रतीतूनच तयार होतो. अशा वेळी चेहऱ्यासोबत मागचा पडदा, फुले, फलकावरची अक्षरे असे सगळेच सारखे बोथट दिसते. फोकस चुकला असता, तर कुठली ना कुठली वस्तू, निदान पुढची फुले किंवा मागचा तानपुरा, धारदार दिसली असती. दोषांतला हा फरक ओळखता आला की तास-दोन तास वाचतात.

तपासणीची रीतही साधी आहे. तुकड्यातले एक स्थिर चित्र बाहेर काढायचे, मूळ फाइलमधले त्याच क्षणाचे चित्र काढायचे आणि दोन्ही १०० टक्के आकारात शेजारी ठेवायची. नजर तीन ठिकाणी न्यायची: तानपुऱ्याच्या तारा, जरीचा काठ आणि डोळ्यांच्या पापण्या. मूळ चित्रात तार आहे आणि तुकड्यात नाही, तर दोष संगणकावर झाला. मुळातही नाही, तर तो चित्रणाचा, आणि आता त्यावर इलाज नाही.

चौकट कुठे ठेवायची हा पुढचा प्रश्न, आणि त्याचा स्पष्टतेशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे. गायिकेकडून तबल्याकडे उभी चौकट हळूहळू सरकवली, तर चित्र लयीत मऊ आणि धारदार होत राहते. चौकट नेमकी पूर्ण पिक्सेलवर असते तेव्हा चित्र जसेच्या तसे येते. ती दोन पिक्सेलांच्या मध्ये असते तेव्हा शेजाऱ्यांची सरासरी घ्यावी लागते आणि बारीक रेषा पुसट होतात. सावकाश सरकण्यात हा बदल डोळ्यांना टोचतो, तारा थरथरल्यासारख्या दिसतात. म्हणून मैफलीत चौकट सरकवण्यापेक्षा तोडणे चांगले. गायिकेवर स्थिर चौकट, मग समेवर थेट तबल्याची चौकट. एकाच कॅमेऱ्याच्या चित्रणातून दोन कॅमेऱ्यांचा भास होतो आणि बदल तालात बसल्यामुळे खटकत नाही.

चौकट आपोआप माणसामागे नेणाऱ्या सोयी आता बहुतेक प्रणालींत आहेत. प्रीमियरमध्ये ऑटो रीफ्रेम २०१९ मध्ये आले, फायनल कट प्रोमध्ये स्मार्ट कन्फॉर्म २०२० मध्ये. एकट्या वक्त्यासाठी त्या पुष्कळ कामाच्या आहेत. मैफलीत मात्र मन जिथे असते तिथे चेहरा असतोच असे नाही. तिहाईच्या वेळी पाहायची असतात ती तबलजीची बोटे, आणि सोय मात्र मान डोलावणाऱ्या चेहऱ्यामागे चौकट हलवत राहते. प्रीमियरमध्ये हालचाल सावकाश ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि तरीही प्रत्येक वळण स्वतः पाहून दुरुस्त करावे लागते.

गायिका आणि तबला दोघेही एकाच वेळी दाखवायचे असतील, तर उभा पट्टा हतबल होतो. दोघांमध्ये दीड मीटर अंतर असले, तर १.७ मीटरच्या पट्ट्यात दोघांचे अर्धे-अर्धे शरीर येते आणि मधोमध रिकामी सतरंजी. यावर एक उपाय म्हणजे उभा पडदा वर-खाली दोन भागांत वाटणे. प्रत्येक भाग १०८० रुंद आणि ९६० उंच, म्हणजे जवळजवळ चौरस. बसलेल्या माणसाच्या आकाराला तो चपखल बसतो. सहा मीटरच्या त्याच चौकटीतून १०८० बाय ९६० चा तुकडा न फुगवता कापला, तर त्यात १.७ बाय १.५ मीटरचे दृश्य येते आणि ५७६ पिक्सेलची गायिका ६० टक्के उंची भरते. वर गायिका, खाली तबला, दोघांचेही पिक्सेल अस्सल. एकेकट्या उभ्या चौकटीत जे चित्र दुप्पट फुगवावे लागत होते, ते वाटणी करताच फुगवावे लागत नाही.

या वाटणीत एक गोष्ट मात्र हरवते. समेवर येताना गायिका तबलजीकडे पाहते, तो हसून दाद देतो. वर-खाली ठेवलेल्या चौकटींत ती नजर पडद्याच्या कडेबाहेर कुठेतरी जाते आणि दोघांमधला संवाद तुटतो. असा क्षण असेल, तर पडदा पूर्ण भरण्याचा हट्ट सोडावा. १६०० बाय १६०० पिक्सेलचा चौरस कापला, तर अडीच मीटरची रुंदी येते आणि दोघे एकत्र दिसतात. हा चौरस १०८० पर्यंत लहान होतो, त्यामुळे तो पट्ट्यापेक्षा धारदार दिसतो आणि दाणेही कमी होतात. वरच्या मोकळ्या जागेत रागाचे आणि कलाकारांचे नाव ठेवता येते. खालची जागा तशीही मोबाइलवरच्या मजकुराने आणि उजवीकडची कड बटणांनी झाकली जातेच, तेव्हा कलाकारांचे हात तिकडे ठेवू नयेत.

तयार तुकडा कार्यकर्त्यांना पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून धाडला, तर तो वाटेतच पुन्हा दाबला जातो आणि इन्स्टाग्रामवर चढवल्यावर आणखी एकदा. तोच तुकडा डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर फाइल जशीच्या तशी पोचते. दाणेदार चित्राचे या दाबण्यात सर्वाधिक नुकसान होते, कारण प्रत्येक दाणा प्रणालीला तपशीलच वाटतो आणि त्याच्यावर जागा खर्च झाली की चेहऱ्याला ती कमी पडते.

ज्यांना नवा कॅमेरा घ्यायचा आहे, त्यांच्यापुढे आता दोन वाटा आहेत. काही कॅमेरे सेन्सरची पूर्ण उंची वापरून तीनास दोन या प्रमाणात चित्रण करतात. याला ओपन गेट म्हणतात. पॅनासॉनिकच्या एस५टू कॅमेऱ्यात ते ५९५२ बाय ३९६८ पिक्सेलचे येते. सहा मीटरच्या बैठकीत त्यातून मीटरला ९९२ पिक्सेल मिळतात, म्हणजे चौकट घट्ट न करताच ४केच्या चार मीटरवाल्या चौकटीपेक्षा थोडे अधिक. दुसरी वाट ८केची. ७६८० पिक्सेल सहा मीटरवर पसरले, तर मीटरला १२८० होतात आणि न फुगवता कापलेल्या उभ्या चौकटीत बसलेली गायिका ६० टक्के उंची भरते. मात्र मागच्या रांगेतून मंद प्रकाशात, भिंग पूर्ण उघडे ठेवून केलेल्या ८के चित्रणात फोकस दोन बोटे जरी पुढे सरकला, तरी ते जादा पिक्सेल अस्पष्ट चेहराच अधिक तपशिलाने साठवतात. तिथे कॅमेरा बदलण्याआधी तिवई चार रांगा पुढे आणणे आणि समोरचे दिवे वाढवणे स्वस्तही पडते आणि तुकड्यात दिसतेही.